मंत्रीमहोदय, जी गाडी आलीच नाही तिला तारे कुठे द्यायचे?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

परवा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नागपूरहून समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी परतायचं होतं. ॲपवर गाडी बुक केली. चालकानं फेरी स्वीकारली आणि फोन केला, "कुठी जायचं हाये?" गावाचं नाव ऐकताच म्हणाला, "तिकून रिकामंच यावं लागते भाऊ, तुमीच कॅन्सल करा." मी नकार दिला, तर पडद्यावरची गाडी जागची हलेना. आई डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्याच्या पायरीवर बसलेली. शेवटी मीच फेरी रद्द केली आणि दंडही मलाच लागला.

ॲपवरच्या टॅक्सींसाठी केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की, स्वीकारलेली फेरी सबळ कारणाशिवाय मोडली तर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड. चालकालाही आणि प्रवाशालाही. म्हणूनच तर चालक स्वतः बटण दाबत नाही, आमच्याकडून दाबून घेतो! तारे फेरी पूर्ण झाल्यावरच देता येतात, त्यामुळे त्याचं रेटिंग जसंच्या तसं राहतं. आमच्या भागात निम्म्या फेऱ्या अशाच मोडत असतील, पण त्याचा हिशेब ठेवतो कोण?

दुसरा चालक आला. गाडी स्वच्छ, हात सावध, खड्ड्याआधी वेग कमी. जाम गावाच्या पुढे नकाशा पांदण रस्त्यानं जवळची वाट दाखवत होता. पावसानंतर त्या काळ्या मातीत चाकं रुततात, म्हणून त्यानं आम्हाला विचारून डांबरी रस्ता धरला. मी पाच तारे दिले. पण एखादा प्रवासी "लांबून नेलं, उशीर केला" म्हणून एकच तारा देईल. १९ फेऱ्यांना पाच-पाच आणि एकीला एक तारा मिळाला, की सरासरी ४.८ वर येते. गावाकडच्या चालकाच्या फेऱ्या मुळातच कमी, म्हणून तो एक तारा त्याला फार महागात पडतो. जो आला त्याचं रेटिंग घसरणार आणि ज्यानं टाळलं त्याचं शाबूत राहणार, हा कुठला न्याय?

रस्ता, स्वच्छता, गाडी चालवणं यांचे गुण वेगवेगळे घ्या. विचारून बदललेल्या रस्त्याची नोंद ॲपमध्येच होऊ द्या. प्रवाशानं फेरी रद्द केली की "चालकानं रद्द करायला सांगितलं" हे कारण निवडता आलं पाहिजे. फोनची नोंद आणि जागची न हललेली गाडी कंपनीला दिसतेच, ती तपासून दंड चालकाला लावा. मोडलेल्या फेऱ्यांचा आकडा ताऱ्यांशेजारी दाखवा. आणि रिकाम्या परतीचं भाडं आधीच सांगा, आम्ही ते देऊ.

पण हे सगळं मागायची वेळ तरी का यावी? संध्याकाळनंतर गावाला एसटी नाही. रस्ता दर निवडणुकीत मंजूर होतो आणि कागदावरच राहतो. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला दोन मिनिटांत दुसरी गाडी मिळते, आम्हाला नाही. नियम करताना विदर्भातलं खेडं तुमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोर होतं, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

आपला,
समुद्रपूर तालुक्यातील एक शेतकरी, जि. वर्धा