मालकंस नको म्हणणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न.

पत्र उघड्यावर लिहितेय, रागावू नका. ऑफिसातली एक मुलगी पुढच्या आठवड्यात घर सोडून भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार आहे. "पहिल्या रात्री काय लावलं होतंस गं?" असं तिनं विचारलं. तिला सांगायला बसले आणि लक्षात आलं, की ज्यांच्यामुळे ती रात्र निभली त्यांना मी साधा फोनसुद्धा केलेला नाही.

मिरजेहून निघायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही आमच्या पायरीवर येऊन एक पेनड्राइव्ह, एक छोटा स्पीकर आणि वहीच्या पानाची चिठ्ठी दिलीत. आई डबे भरत होती, बाबा उगाचच सुतळी शोधत होते. आकाशवाणीत जन्म काढलेला माणूस गाण्यांची लांबलचक यादी देईल असं मला वाटलं होतं. पेनड्राइव्हवर फायली फक्त तीन होत्या. आणि चिठ्ठीत गाण्यांपेक्षा खोलीबद्दलच जास्त होतं!

"आधी टाळी वाजव," ही पहिली ओळ. वाकडमधला तो वन बीएचके, सातवा मजला, दुपारी साडेचार. टेम्पोवाला गेल्यावर हॉलच्या मधोमध उभी राहून टाळी वाजवली, तर समोरासमोरच्या भिंतींमधून टर्रर्र करत आवाज परत आला. पडदे नाहीत, कपाट नाही, नुसती फरशी आणि प्लास्टर. तुम्ही लिहिलं होतंत, की आवाज शोषायला खोलीत काहीच नसेल तर गाणं गाण्यावरच सांडतं. म्हणून गोधडी खिडकीच्या गजाला बांधायची, कपड्यांची बॅग उघडून समोरच्या भिंतीला टेकवायची आणि मग पुन्हा टाळी. मी केलं. टर्रर्र पुरतं गेलं नाही, पण धार गेली.

स्पीकर मोठा करू नकोस, जवळ घे, ही दुसरी सूचना. ही मला तेव्हा पटली नव्हती. आवाज वाढवला की गाण्याबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं, शब्द मात्र तसेच पुसट राहतात. स्पीकर हाताच्या अंतरावर आणला की थेट कानात येणारा आवाज घुमण्याच्या वर चढतो. हे कळायला मला अर्धा तास आणि शेजारच्या काकूंची एक थाप लागली. (त्या चांगल्या आहेत. नंतर भाजी घेऊन आल्या.)

पहिली फाइल लावायच्या आधी मी आगाऊपणा केला. सामान लावताना अंगात जोर यावा म्हणून मोबाइलवर अभंग लावला, आपल्या घरी एकादशीला लागतो तसा. त्या मोकळ्या हॉलमध्ये टाळांचा असा काही गदारोळ झाला की विठ्ठलाचं नावसुद्धा ऐकू येईना. एका टाळाचा आवाज विरायच्या आत पुढचे चार येऊन आदळत होते. तुमच्या चिठ्ठीत ते होतंच, मी नंतर वाचलं: "रिकाम्या खोलीत जलद काही नको. सावकाश, लांब सूर. एक गळा आणि तंबोरा, बस." घुमणाऱ्या जागेत लांब सूर आपला आपल्यालाच टेकू देतो, आणि भरभर शब्द एकमेकांच्या पायात येतात.

दुसरा आगाऊपणा रात्री साडेनवाला. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' नको, असं तुम्ही खाली रेघ मारून लिहिलं होतंत. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. सावकाश तर आहे, मग का नको, म्हणून लावलं. काका, ते गाणं 1982 च्या 'उंबरठा'तलं, आणि तो सिनेमाच घर सोडून निघालेल्या बाईचा. मी तो आईच्या शेजारी बसून पाहिला होता. दुसरं कडवं यायच्या आत मी फरशीवर बसून डबा उघडायचा सोडून डब्याकडे बघत होते. तुमची रेघ गाण्याच्या दर्जासाठी नव्हती, हे तेव्हा समजलं. घरात कुणासोबत ऐकलेलं गाणं पहिल्या रात्री त्या माणसासकट येतं, आणि माणूस तर येत नाही.

मग गुपचूप तुमची पहिली फाइल लावली. तुमच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली एका घरगुती बैठकीतली बागेश्री, गायकाचं नाव नाही. सुरुवातीची सात मिनिटं गाणंच नाही, नुसते तंबोरे लावणं चाललंय. बागेश्रीत पंचम अगदी बेताचा, म्हणून पहिली तार मध्यमात. ती कुणीतरी चढवतंय, पुन्हा उतरवतंय, जवारीचा दोरा सरकवतंय. सतारमेकर गल्लीत लहानपणापासून ऐकलेला तो आवाज. दुसरा कुणी असता तर त्यानं ही सात मिनिटं कापून टाकली असती. तुम्ही ठेवलीत. मीही तेव्हा गादी पसरत होते, चादर ओढत होते. तिकडे ते बसत होते, इकडे मी.

आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये माणसं होती. कुणी खोकतंय, कुणी समेवर "वा" म्हणतंय, मागे कपबशी वाजतेय. स्टुडिओतल्या गाण्यात एकच माणूस असतो आणि तोही काचेपलीकडे. इथे पंधरा-वीस माणसं माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसली होती.

हेडफोन नको, हे तुमचं म्हणणंही त्या रात्रीच पटलं. कानात काही घातलं की लिफ्टचं दार वाजलं तरी आपण ते काढून बघणार, दहा वेळा. स्पीकर बारीक चालू असला की अकराचा पाण्याचा पंप, वरच्या मजल्यावरची सरकती खुर्ची, कुणाच्या तरी कुकरची उशिराची शिट्टी, सगळं कॅसेटच्या खरखरीत आणि तंबोऱ्याच्या एकसुरी गुंजनात बुडून जातं. शांतता असली की त्यातला प्रत्येक खुट्ट वेगळा उभा राहतो. फायली एकेका तासाच्या का, तेही कळलं. तीन-चार मिनिटांच्या गाण्यांमध्ये दर वेळी एक फट पडते, आणि नेमक्या त्या फटीत फ्लॅट ऐकू येतो.

तुमच्या चिठ्ठीतली शेवटची ओळ वाचून मात्र मी एकटीच मोठ्यानं हसले: "मालकंस नको. रात्रीचा आहे, पण त्यानं भुतं येतात म्हणतात. येत नसतील, पण भाडेकरारात त्यांचं नाव नाही." त्या घरात माझा पहिला मोठा आवाज तोच. घुमला चांगला.

झोप कधी लागली कळलं नाही. बागेश्रीचा द्रुत मी तिसऱ्या रात्री पहिल्यांदा ऐकला.

आता पडदे आलेत, पुस्तकं आलीत, गाद्या दोन झाल्यात. परवा टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरली. अभंगही लावून पाहिला, टाळ वेगवेगळे ऐकू आले. 'सुन्या सुन्या' अजून लावलेलं नाही, आई इकडे येईल तेव्हा लावू.

उरुसाला दर्ग्यातलं गाणं ऐकायला येणार आहे, तेव्हा स्पीकर आणि पेनड्राइव्ह परत करते. पहिली फाइल मात्र कॉपी करून ठेवली आहे. ऑफिसातल्या त्या मुलीलाही दिली, तुम्हाला न विचारता.

तुमची,
समोरच्या घरातली