ईदेला ऋतू चिकटवणारी कार्यपत्रिका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या बालपुरवणीतली ‘सण ओळखा, जोड्या लावा’ ही कार्यपत्रिका पाहिली. डावीकडे आठ सण, उजवीकडे आठ ‘मूळ कारणे’, मध्ये पेन्सिलने रेघा ओढायच्या. कल्पना चांगली, चित्रे सुरेख. उत्तरे मात्र कोणी एकदा तपासून पाहिली असती तर बरे झाले असते.

रमजान ईदेसमोर आपण ‘उन्हाळ्याची सुरुवात, खजुराचा हंगाम’ असे उत्तर दिले आहे. रोजा खजुराने सोडतात म्हणून सण खजुराच्या हंगामाचा, हा शोध पुरवणीत नेमका कोणी लावला ते कळायला हवे. अलीकडे ईद मार्च-एप्रिलमध्ये येते हे खरे. पण सात-आठ वर्षांपूर्वी ही कार्यपत्रिका केली असती, तर याच न्यायाने ‘पावसाचे आगमन’ लिहावे लागले असते.

हिजरी वर्ष केवळ चंद्रावर चालते. बारा चांद्रमासांचे साधारण 354 दिवस होतात, म्हणजे आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा 11 कमी. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा मूळ जागी येते. भारतात 2008 साली ईद 2 ऑक्टोबरला होती, 2016 साली 7 जुलैला आणि 2024 साली 11 एप्रिलला. दोन्ही वेळा आठ वर्षांत बरोबर 87 दिवस अलीकडे. 2031 मध्ये ती जानेवारीत, संक्रांतीनंतर दहाएक दिवसांत येईल. तेव्हा खजुराचा हंगाम कुठून आणणार?

यावर कोणी म्हणेल, गणपतीही चंद्रावरच चालतो, तो कसा भाद्रपद सोडत नाही? प्रश्न रास्त आहे आणि पुरवणीने शिकवायला हवे होते ते नेमके हेच. आपल्या पंचांगात तूट साचली की साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास घालून ती भरून काढतात. गणेश चतुर्थी 2021 साली 10 सप्टेंबरला होती, 2022 साली 31 ऑगस्टला. याच चालीने 2023 मध्ये ती 20 ऑगस्टच्या सुमारास यायला हवी होती. पण त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि चतुर्थी थेट 19 सप्टेंबरला गेली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचे हे घरोघरी ठाऊक असते, पण तो महिना नसता तर गौरी-गणपती फिरत फिरत होळीच्या आसपास पोचले असते, हे मुलांना कोणी सांगत नाही. यहुदी पंचांगातही अशीच सोय आहे, 19 वर्षांत सात जादा महिने. म्हणून त्यांचा वल्हांडण वसंतातच राहतो. इस्लाममध्ये मात्र जादा महिना घालायला कुराणातच मनाई आहे. म्हणजे ईदेला ऋतू नसणे हा त्या दिनदर्शिकेचा ठरवलेला नियम आहे. कार्यपत्रिकेत ईदेसमोर ‘ऋतूशी संबंध नाही’ हेच बरोबर उत्तर होते, आणि नेमका तोच पर्याय उजव्या रकान्यात नाही.

हे तपासायला पंडित लागत नाही. कोणताही सण घ्या आणि आठ-आठ वर्षांच्या अंतराने त्याच्या तीन तारखा काढा. गणेश चतुर्थी 2008, 2016 आणि 2024 मध्ये अनुक्रमे 3, 5 आणि 7 सप्टेंबरला होती. अधल्यामधल्या वर्षांत ती महिनाभर पुढेमागे होते, पण ऋतू सोडत नाही. संक्रांत 14-15 जानेवारीच्या पलीकडे जात नाही. ईद याच तीन वर्षांत ऑक्टोबर, जुलै, एप्रिल. बस, पाचवीतल्या मुलालाही तीन जातीची पंचांगे वेगळी दिसतील. एका जुन्या दिनदर्शिकेतून होणारे काम आहे.

आता पारशी नववर्ष. त्यासमोर ‘वसंत संपात’. जमशेदी नवरोज 21 मार्चला असतो, त्याला हे उत्तर चालेल. पण चित्राखाली आपण ‘पतेती’ लिहिले आहे, आणि त्या नावाने महाराष्ट्रात ज्या नववर्षाची सुटी मिळते ते भर पावसात, ऑगस्टमध्ये येते. कारण शहेनशाही पंचांगात वर्ष नेमके 365 दिवसांचे, लीप वर्ष नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी दिवस एकाने मागे सरकतो. 2016 साली 17 ऑगस्ट, 2020 साली 16, 2024 साली 15. ऑगस्टमध्ये वसंत, हा भूगोल मुलांनी कोणत्या गुरुजींकडून शिकायचा?

‘एका सणाला एकच रेघ’ ही सूचना तर मुळातच चुकीची. बैसाखीसमोर आपण फक्त ‘गव्हाची कापणी’ ठेवली. त्याच दिवशी 1699 साली आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, ती कुठे गेली? सण पिकाचा होताच, घटना नंतर त्याच दिवसावर येऊन बसली. वल्हांडणाचेही तसेच, जवाच्या कापणीचा काळ आणि इजिप्तमधल्या गुलामीतून सुटका, दोन्ही एकत्र. उलट धम्मचक्र प्रवर्तन दिन निव्वळ ऐतिहासिक आहे. 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. तरीही तो दिवस अशोक विजयादशमीचा होता म्हणून दीक्षाभूमीवर गर्दी दसऱ्याला लोटते, आणि 14 ऑक्टोबरही पाळला जातो. म्हणजे एकाच घटनेचा स्मरणदिन दोन पंचांगांनुसार. इतके चांगले उदाहरण आपल्या राज्यात असताना ते आठ सणांत नाही, याचे नवल वाटते.

रकाने तीन हवेत. पहिल्यात पंचांग (सौर, चांद्र, की अधिक मासवाले चांद्र-सौर), दुसऱ्यात ऋतू किंवा पीक, तिसऱ्यात घटना. एका सणाला दोन रेघा चालतील आणि एखादा रकाना कोराही राहील, हे सूचनेतच छापावे. आठऐवजी पाच सण घेतले तरी पान भरते.

आणखी एक. त्याच पानावर मोहरमच्या ताबुताभोवती फुगे काढून ‘रंग भरा, आनंद साजरा करा’ असे लिहिले आहे. मोहरमची दहावी तारीख म्हणजे करबलाच्या लढाईत इमाम हुसेन मारले गेले तो दिवस, सन 680. शिया कुटुंबात त्या दिवशी मातम असतो. आपल्याकडे गावोगावी डोले उठतात, त्यात हिंदूही खांदा देतात, वाजतगाजत मिरवणूक निघते, हे मान्य. पण म्हणून फुगे? गुड फ्रायडेला आपण केक काढणार नाही, अशी आशा आहे.

खुलासा छापणार असाल तर आतल्या पानावर वाढदिवसांच्या जाहिरातींखाली चार ओळींत नको. मुलांनी ते पान कापून प्रकल्पवहीत चिकटवले आहे, तेव्हा दुरुस्त कार्यपत्रिका त्याच मापात, बालपुरवणीतच यावी. आणि उत्तरे उलटी छापायची जुनी पद्धत ठेवणार असाल, तर करड्या पट्टीवर पांढरी अक्षरे नकोत. परवाची उत्तरे वाचायला भिंग लागले.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा