मा. अर्थमंत्री, वाढलेल्या पगारातून माझं नुकसान का?

मा. अर्थमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी लातूरची. एका खासगी संस्थेत हिशेबाचं काम करते. बऱ्याच वर्षांनी यंदा पगार वाढला, 25,000 चा 25,200 झाला. पण पहिल्याच पगारपत्रकात 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसला. वाढ 200 ची, कपातही 200 ची. फेब्रुवारीत तर 300 कापणार. म्हणजे वर्षाला 2,400 रुपये जास्त मिळवायचे आणि 2,500 सरकारला द्यायचे. पगार वाढून मी वर्षाला 100 रुपयांनी खाली आले. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, नियमच तसा आहे."

नियम मलाही ठाऊक आहे. एप्रिल 2023 पासून महिलांना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर माफ आहे आणि त्याबद्दल सरकारचे आभारच मानले होते. पण 25,000 च्या वर एक रुपया गेला की अख्खे 2,500 रुपये एकदम अंगावर येतात. वाढीव कमाईतला किती हिस्सा करात गेला, त्याला सीमांत दर म्हणतात. माझा तो 104 टक्के आहे! वरचे 200 रुपये नकोत, जुनाच पगार ठेवा, असं कार्यालयात सांगायची वेळ आली माझ्यावर. माझी सहकारी तेच सांगून बसली आहे. कुठल्याही छोट्या संस्थेची पगारपत्रकं मागवा, 24,900 आणि 25,000 वर अडकलेल्या बायका तुम्हाला रांगेनं दिसतील.

माझ्या धाकट्या दिराचं ऐका. तो डाळमिलमध्ये काट्यावर आहे. पुरुषांना माफी फक्त 7,500 पर्यंत. 10,000 पगार होता तेव्हा महिन्याला 175 कापत होते, आता 10,500 झाला तर वर्षाचे 2,500. एकूण उत्पन्नातला करात जाणारा हिस्सा म्हणजे सरासरी दर. त्याचा जवळजवळ 2 टक्के. माझा 0.83. आणि महिना लाख रुपये घेणाऱ्या साहेबांचा? 0.21 टक्के. त्यांचा पगार उद्या दोन लाख झाला तरी एक पैसा जास्त नाही, त्यांचा सीमांत दर शून्य. सगळ्यांना सारखे 2,500 म्हणजे समानता, असं कुणी सांगू नये. उत्पन्न वाढेल तसा सरासरी दर वाढला तर कर प्रगतिशील, तेवढाच राहिला तर प्रमाणशीर, घटत गेला तर प्रतिगामी. तुमचा व्यवसाय कर 10,000 च्या वर गेला की उघडउघड प्रतिगामी आहे.

हा कर 1975 साली आला तो रोजगार हमीच्या पैशासाठी. 1972 च्या दुष्काळात आमच्या मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, त्यातून ती योजना उभी राहिली. त्यांचीच नातवंडं आज मिलमध्ये राबतात आणि पगाराच्या मानानं सगळ्यात जास्त तीच भरतात. पेट्रोलचंही तेच. दिराच्या दुचाकीत पडणाऱ्या लिटरवर जेवढा कर, तेवढाच साहेबांच्या गाडीतल्या लिटरवर. खालच्या माणसाकडून वसुली सोपी म्हणून दरवेळी त्याच्याच खिशात हात घालायचा, हे किती वर्षं चालायचं?

वर्षाला 2,500 ची मर्यादा संविधानाच्या कलम 276 मधली आहे, 1988 च्या दुरुस्तीनं ती 250 वरून वाढली. ती बदलणं तुमच्या हातात नाही, म्हणून लाखवाल्यांकडून आज त्यांच्या पगाराच्या प्रमाणातही कर घेता येत नाही, हे मला कळतं. पण त्या मर्यादेच्या आतले टप्पे राज्याचेच आहेत. केंद्राच्या आयकरात नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही, आणि कुणाचं करपात्र उत्पन्न 12 लाख 10 हजार झालं तर टप्प्यांच्या हिशेबानं 61,500 होत असूनही उपकर सोडून 10,000 च घेतात, कारण वरची कमाईच तेवढी. त्याला सीमांत सवलत म्हणतात. बारा लाखवाल्याला जी सवलत मिळते, ती तीन लाखवालीला का नाही?

25,000 च्या वर जेवढा पगार, त्याच्या फक्त 10 टक्के महिन्याला घ्या, 200 होईपर्यंत. मग माझे 20 रुपये जातील, 180 हातात राहतील आणि 27,000 वाल्या बाईकडून तुम्हाला पूर्ण 200 मिळतील. हीच 25,000 ची माफी आणि हाच उतार पुरुषांनाही लावा, म्हणजे दिराचे 2,500 वाचतील. तिजोरीत खड्डा पडेल असं वाटत असेल तर कलम 276 ची मर्यादा वाढवून द्या म्हणून केंद्राला लिहा, आणि वाढीव भार लाखाच्या वरच्यांवर टाका. येत्या अर्थसंकल्पात ही दुरुस्ती मांडणार की नाही, ते लेखी कळवा.

आपली,
लातूरची एक पगारदार करदाती