आजारपणाचे पैसे आणि चुकीचे सहा महिने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा दीर सांवेर रोडवर एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम करतो, रोजी 600 रुपये, आणि दर महिन्याला पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे पैसे, कापले जातात. फेब्रुवारीत त्याला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे, उठवत नव्हतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, जानेवारीत दहा खाडे केलेत ना, मग आजारपणाचे पैसे नाही मिळणार. आणि दीर ते खरं धरून गप्प बसला!

याच गोष्टीसाठी लिहितेय, कारण जानेवारी त्यात मोजायचाच नव्हता. जानेवारी ते जून आजारी पडलात तर आदल्या वर्षीचे एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने बघतात, आणि त्यात किमान 78 दिवसांचं कॉन्ट्रिब्यूशन भरलेलं पाहिजे. जुलै ते डिसेंबरसाठी मग त्याआधीचे ऑक्टोबर ते मार्च. आम्ही पगाराच्या स्लिपा काढून बसलो, एप्रिल ते सप्टेंबरचे त्याचे 140 दिवस निघाले. पगारी सुट्टीसुद्धा यात धरतात हं, फक्त हजेरीच नाही.

पैसे मिळतात ते त्याच सहा महिन्यांच्या सरासरी रोजीच्या 70 टक्के, म्हणजे 600 चे 420 रुपये. पण आमची चूक अशी झाली की पहिले पाच दिवस आम्ही गल्लीतल्या प्रायव्हेट डॉक्टरकडेच जात राहिलो आणि नुसती त्यांची चिठ्ठी क्लेमला पुरत नाही, ईएसआय डिस्पेन्सरीच्या डॉक्टरचंच सर्टिफिकेट लागतं. ते मिळालं 8 ते 27 फेब्रुवारीचं, 20 दिवसांचं. त्यातले पहिले दोन दिवस वेटिंगचे, त्यांचे पैसे नसतात, म्हणून 18 दिवसांचे 7,560 रुपये खात्यात आले. त्या पैशात घरभाडं निघालं हो. बरं होऊन पंधरा दिवसांच्या आत परत आजारी पडलं तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत.

वर्षात असे जास्तीत जास्त 91 दिवस मिळतात, म्हणजे लागोपाठच्या दोन सहामाह्या मिळून. दिराचे 18 गेले, डिसेंबरपर्यंत 73 उरले. टीबीसारख्या ठरलेल्या लांबच्या आजारांना पुढेही 80 टक्क्यांनी मिळतं, पण त्याला नोकरी किमान दोन वर्षांची लागते. आणि ज्या दिवसांचे हे पैसे घेता त्या दिवशी कामावर जायचं नाही, आणि तेवढ्या काळात मालकाला कामावरून काढताही येत नाही. हे त्या ठेकेदाराच्या माणसाला आम्ही तोंडावर सांगितलं.

त्याने दाखवलेले जानेवारीतले खाडे खरे आडवे येऊ शकतात ते जुलैनंतर, कारण तेव्हा ऑक्टोबर ते मार्चच मोजणार. म्हणून मी त्या सहा महिन्यांच्या स्लिपाही आताच मोजून ठेवल्यात, 78 च्या वर भरतात.

आपली,
एक वाचक, इंदूर