काकूंच्या गोळ्यांबद्दल

प्रिय सुधीर,

काकूंच्या चिठ्ठ्यांचे फोटो मिळाले. हात थरथरतात म्हणजे पार्किन्सन्सच ना, असं तू विचारलंस. मला तसं वाटत नाही. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, तर कुठली गोळी कशापायी आली ते लगेच दिसतं.

आधी प्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन 5 ची 10 झाली आणि घोटे सुजले. या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यांतून पाणी पायांत झिरपतं. शरीरात जास्तीचं पाणी साठलेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. तरी फ्युरोसेमाइड सुरू झालं. मग उठल्यावर चक्कर, चक्करेवर प्रोक्लोरपेराझीन. ते महिनोन्‌महिने चाललं, की म्हाताऱ्या माणसाचे हात कापतात, पावलं घसटतात. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल आलं, आणि काकूंची बद्धकोष्ठता, संध्याकाळचं बरळणं बहुधा त्याचंच. प्रत्येक डॉक्टरांनी समोरच्या तक्रारीपुरतं बघितलं, मागची चिठ्ठी कुणी उलगडली नाही.

पण म्हणून तू उद्या सगळं बंद करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे! एका वेळी एकच गोळी, तीही त्यांच्या फिजिशियनना विचारून. मला विचारशील तर पहिली जावी प्रोक्लोरपेराझीन, कारण कंपाचं मूळ तिथे आहे. कंप ओसरायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, तेव्हा आठवड्यात फरक नाही म्हणून धीर सोडू नका. नंतर ट्रायहेक्सिफेनिडिल, पण एकदम न तोडता हळूहळू कमी करत. फ्युरोसेमाइडला हात लावण्याआधी एक खात्री हवी, की ते फक्त सुजेसाठीच दिलं होतं. हृदय कमजोर असल्यामुळे दिलं असेल तर ते राहू दे. अ‍ॅम्लोडिपिन परत 5 वर आणता येईल का, हेही विचार. प्रेशर वाढलंच तर दुसऱ्या जातीची गोळी जोडता येते.

झोपेची अल्प्राझोलाम मात्र शेवटी, आणि सगळ्यात सावकाश. ती अचानक थांबवली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. डॉक्टर ती दर दोनेक आठवड्यांनी थोडी थोडी कमी करतील. काकू त्यालाच जास्त विरोध करतील, बघ.

तोवर एक काम कर. काकूंना पाच मिनिटं आडवं झोपवून प्रेशर घे, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी परत घे. धरायला कुणीतरी शेजारी हवं. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर चक्करेचं कारण सापडलं म्हणायचं. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, चूर्णं आणि डोळ्यांचे थेंबसुद्धा.

आकडे आले की कळव.

तुझा,
अनिल