शंभरातून वय वजा करण्याआधी खर्चाची वही उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण पुन्हा एकदा ‘शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढे टक्के शेअर्समध्ये ठेवा’ हा आडाखा छापलात. सोबत वयाचं कोष्टकही दिलंत, म्हणजे वाचकाला वजाबाकीचेही कष्ट नकोत. एक दिवस शांत राहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. म्हणून हे पत्र.

लेखकाबद्दल आदर आहे. हेतूही चांगलाच असणार. पण या आडाख्यात माणसाबद्दल विचारलेली एकमेव गोष्ट म्हणजे जन्मतारीख. घरात दरमहा किती लागतात, पेन्शन आहे का, असली तर महागाईबरोबर वाढते का, यातलं काहीच तो विचारत नाही. आता तर कोणी ११० मधून वजा करा म्हणतो, कोणी १२० मधून. कुठलाही आकडा घेतला तरी कोणाचं बिघडत नाही, यावरूनच त्यामागे हिशेब किती आहे ते कळावं.

माझ्याच घरातलं उदाहरण देतो. मी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो, बडोद्यात प्रतापनगरला. माझे साडू नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यातून. सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघेही बासष्टचे होतो आणि दोघांकडेही साधारण पन्नास-पन्नास लाख होते. त्यांचे पीएफ, ग्रॅच्युइटी आणि गावाकडच्या जमिनीचे. माझे बरेचसे ग्रॅच्युइटी आणि जुन्या ठेवींचे. दांडिया बाजारातल्या आमच्या बँकेत एक तरतरीत मुलगा आहे. त्याने आम्हा दोघांना एकाच टेबलाशी बसवून एकच गणित सांगितलं. शंभर वजा बासष्ट, अडतीस टक्के. म्हणजे एकोणीस लाख शेअर्सच्या फंडात. ‘काका, आ तो आखी दुनिया माने छे,’ असंही वर ऐकवलं.

मी ‘बघतो’ म्हणून उठलो. साडूंनी फॉर्मवर सह्या केल्या. एकोणीस लाख मिडकॅप आणि स्मॉलकॅप फंडांत गेले, तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि लाखभर बचत खात्यात उरले. कागदावर आपल्या कोष्टकाप्रमाणे अगदी चोख.

मार्च २०२५ मध्ये माझ्या मेहुणीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. पाच लाख हवे होते. कारखान्याचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबरच संपला होता. बाजाराचं म्हणाल तर सेन्सेक्स सप्टेंबरच्या अखेरीस ८५,९०० च्या वर गेला होता, तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात ७३,००० च्या आसपास आला होता. साडूंचे फंड त्याहून जास्त, जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरलेले. मग ‘सुरक्षित’ तीस लाखांतून काढा म्हणावं, तर त्या योजनेत वर्ष पुरं व्हायच्या आत खातं बंद केलं की व्याज मिळत नाही आणि दिलेलं व्याज मुद्दलातून कापून घेतात. म्हणजे एकीकडे पडलेला बाजार, दुसरीकडे अडकलेली ठेव. शेवटी फंडच विकले, वर वर्षाच्या आत काढल्याबद्दल एक टक्का एक्झिट लोड. टेबलापाशी बसलेल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘अंकल, लाँग टर्म पाहा.’ गुडघे लाँग टर्म पाहत नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

बाजार पडला याबद्दल माझी तक्रार नाही, तो पडतोच. जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत आला होता. तसं झालं तर एकोणीस लाखांचे साडेसात लाखही उरत नाहीत. आणि दर वेळी तो लवकर सावरतो असंही नाही. एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ ला पोचलेला सेन्सेक्स पुढे मधूनमधून वर गेला खरा, पण अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या आसपास होता. माझी तक्रार ही आहे की पैसे कधी लागणार हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. शेअर्समध्ये किती आणि बाहेर किती एवढंच आडाखा सांगतो. बाहेरच्यातले हाताशी किती आणि कुलपात किती, याबद्दल तो गप्प.

आता माझं पाहा. मला जुन्या पद्धतीची पेन्शन आहे, महागाईभत्त्यासह अठ्ठेचाळीस हजार. भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. घरखर्च चाळीस हजार. औषधपाण्याला रेल्वेचा दवाखाना. म्हणजे माझ्या पन्नास लाखांना घरखर्चासाठी हात लावायची वेळच येत नाही. पेन्शनचे हे वर्षाला पावणेसहा लाख आठ टक्के व्याजाने मिळवायचे तर बाहत्तर लाखांची ठेव लागेल. पेन्शन माझ्याबरोबर संपते आणि ठेव मुलांना मिळते हा फरक आहेच, तरी ढोबळ हिशेबाला हरकत नाही. ते बाहत्तर लाख धरले तर माझी एकूण पुंजी १२२ लाख, आणि त्यात एकोणीस लाखांचे शेअर्स म्हणजे जेमतेम सोळा टक्के. साडूंची पीएफची पेन्शन तीन हजार, तीही न वाढणारी. याच हिशेबाने तिची किंमत साडेचार लाख. तेच एकोणीस लाख त्यांच्या पुंजीच्या पस्तीस टक्के होतात. वय एक, रक्कम एक, जोखीम दुपटीहून अधिक. व्हॅनगार्ड या अमेरिकन फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल हेसुद्धा वयाइतके टक्के रोख्यांत ठेवणं ही एक ढोबळ सुरुवात मानत, पण सरकारकडून मिळणारी पेन्शनही रोख्यांत मोजा असं सांगत. आपल्याकडे पहिलं वाक्य तेवढं पोचलं.

मग करायचं काय? मी साडूंना वही घेऊन बसवलं (हे काम बँकेचं होतं, पण असो). त्यांचा घरखर्च दरमहा तीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. त्यातून पेन्शनचे छत्तीस हजार वजा. ज्येष्ठ नागरिक योजनेचे तीस लाख ८.२ टक्क्यांनी वर्षाला दोन लाख सेहेचाळीस हजार देतात. व्याजदर पाच वर्षांसाठी बांधलेला असतो, तिमाहीला साडेएकसष्ट हजार हातात. पहिल्या वर्षी तूट राहते अठ्ठ्याहत्तर हजारांची. फार वाटत नाही, पण इथेच लोक फसतात. खर्च वाढतो, व्याज आणि पेन्शन तेवढंच राहतं. खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर सातव्या वर्षी हीच तूट दोन लाख एकोणतीस हजारांवर जाते. सातही वर्षांची बेरीज केली तर साडेदहा लाख. एवढी रक्कम बँकेच्या वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत, दरवर्षी एक पिकेल अशी. आजारपणासाठी तीन लाख वेगळे, केव्हाही मोडता येतील असे. पन्नासातून हे सगळं वजा केलं की उरतात साडेसहा लाख, म्हणजे तेरा टक्के. शेअर्समध्ये जायला हवे होते ते एवढेच, आणि तेही इंडेक्स फंडात. एकोणीस लाख नव्हेत.

सातच वर्षं का, असं कोणी विचारेल. वर सांगितलेल्या १९९२ नंतरच्या काळाला सातही पुरली नसती, हे मान्य. पण त्याहून जास्त वर्षांचा खर्च ठेवींत अडकवला तर साडूंच्या हातात महागाईशी झगडायला काहीच उरत नाही. सातावर तडजोड केली. ज्या वर्षी बाजार वर असेल त्या वर्षी शेअर्समधून वर्षभराची तूट काढून ठेवीत टाकायची. पडलेला असेल तर फंडाकडे पाहायचं नाही, त्या वर्षीची ठेव पिकतेच आहे. आणि सात वर्षांनंतर तीस लाखांच्या मुद्दलाला हात लागणार, हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. ते दुखणं शेअर्सचं प्रमाण वाढवून बरं होणारं नाही. पुंजीच खर्चाच्या मानाने तोकडी आहे. साडू आता दोन दुकानांच्या जीएसटीचं काम पाहतात, त्याने तूट जितकी भरते तितकी कुठल्याही टक्केवारीने भरली नसती.

माझ्यासाठी याच पद्धतीने शेअर्सचा आकडा साठ टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो, बासष्टाव्या वर्षी. फक्त एक पाहिलं. मी गेल्यावर सौ.ला पेन्शनच्या साधारण साठ टक्के, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस हजार मिळतील. तिच्या एकटीच्या खर्चाला ते पुरतील का? पुरतील असं दिसतं. तरी मी चाळीसवरच थांबलो, कारण सौ. रोज रात्री बातम्यांत सेन्सेक्स पाहते आणि तो लाल असला की मला झोपू देत नाही. हेही कुठल्या कोष्टकात बसत नाही.

उलट बाजूने माझा पुतण्या सव्वीसचा. कोष्टकाप्रमाणे त्याने चौऱ्याहत्तर टक्के शेअर्समध्ये ठेवावेत. त्याला पुढच्या वर्षी वाघोडिया रोडला फ्लॅटचं डाउन पेमेंट भरायचं आहे आणि सारी बचत त्यासाठीच आहे. त्याचा योग्य आकडा शून्य. तो रविवारचा अंक मी त्याच्या हाती लागू दिला नाही.

जाता जाता आणखी एक. पुरवणीतल्या शब्दकोड्याचं उत्तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे अशी अट असते. आम्हा बडोदेकरांना रविवारचा अंक सोमवारी दुपारी मिळतो आणि पोस्टकार्ड मुंबईला पोचायला तीन-चार दिवस लागतात. निदान गुजरातच्या वाचकांसाठी मुदत शुक्रवारपर्यंत करावी. आणि कोष्टक पुन्हा छापायचंच असेल तर वयाच्या शेजारी ‘दरमहा पेन्शन’ आणि ‘दरमहा खर्च’ असे दोन रिकामे रकाने सोडावेत, वाचक भरतील.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
दांडिया बाजार, वडोदरा