पाहुण्याने हात धरला तर?

महोदय,
लग्नसराईत पाहुण्याने वेट्रेसचा हात धरला, की नागपूरच्या अनेक हॉटेलांत मॅनेजर तिलाच किचनमध्ये पाठवतो. तिची टिप बुडते आणि पाहुणा मात्र टेबलावरच बसून राहतो. हे उलटे व्हायला हवे. वेटरांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनने टेबल स्वतःकडे घ्यावे, पाहुण्याला समज द्यावी आणि न ऐकल्यास बिल करून बाहेर काढावे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार बाहेरच्या व्यक्तींपासून संरक्षण देणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून त्याच रात्री ते काढून ठेवावे. लेखी तक्रार 3 महिन्यांच्या आत हॉटेलच्या अंतर्गत समितीकडे द्यावी. कर्मचारी 10 पेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. चौकशीत दोन्ही बाजू आणि साक्षीदार ऐकावेत.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर